तीन स्टारला वाली कोण?

खरेदीचं कुठलंही ॲप उघडा. त्यात एखादी साधीशी वस्तू शोधा, म्हणजे छत्री, इयरफोन, पाणी उकळायची किटली, काहीही. आता सरासरीच्या आकड्याखाली ज्या पाच आडव्या पट्ट्या दिसतात त्यांच्याकडे नीट बघा. पाच स्टारची पट्टी लांबलचक असते. चारची तिच्या निम्मीशिम्मी. तीन आणि दोनच्या पट्ट्या काडीसारख्या. आणि मग तळाला एक स्टारची पट्टी पुन्हा अंग धरते. वस्तू बदला, ब्रँड बदला, किंमत बदला, बहुतेक वेळा आकृती हीच येते. दोन्ही टोकं भरलेली आणि मध्ये ओसाड.

आता मोबाइल बाजूला ठेवून घरात नजर फिरवा. बादली, तवा, चार्जर, टेबलफॅन, उशी. यातल्या किती वस्तूंवर तुमचा जीव जडलाय? आणि किती वस्तू उचलून खिडकीबाहेर फेकाव्याशा वाटतात? बहुतेकांचं उत्तर दोन्हीकडे ‘एखाददुसरी’ असंच असेल. बाकी सगळ्या वस्तूंबद्दल कुणी विचारलं तर आपण म्हणतो, “बरी आहे.” मराठीत हा अतिशय उपयोगी शब्द आहे. त्यात कौतुक नाही आणि तक्रारही नाही. जे काम सांगितलं ते होतं, डोक्याला ताप नाही, पण चारचौघांत सांगावं असंही काही नाही. पाच स्टारच्या भाषेत ‘बरी आहे’ म्हणजे तीन. मग घरभर पसरलेले हे तीन स्टार ॲपवर जाताना कुठे गडप होतात?

माझं म्हणणं असं आहे की वस्तू टोकाच्या नसतात, बोलणारे टोकाचे असतात. ज्यांचं ‘ठीक चाललंय’ ते गप्प बसतात. जे बोलतात त्यांनी तीन स्टार म्हणजे अपमान असं ठरवून टाकलंय. आणि या गप्प बसण्याची किंमत कुणाला पडते? ज्याच्याकडे एकदाच घेण्यापुरते पैसे आहेत त्याला. ज्याला दुसरी किटली सहज परवडते त्याला रिव्ह्यू चुकला तरी फरक पडत नाही. महिन्याच्या खर्चातून आठशे रुपये बाजूला काढून जो किटली घेतो, त्याला ती ‘अप्रतिम’ आहे की ‘भंगार’ आहे याच्याशी देणंघेणं नसतं. त्याला हवं असतं, ती बरी आहे का? आणि नेमकं हेच त्याला कुणी सांगत नाही.

हजार लोक, साठ आवाज

या आकृतीचा अभ्यास झालेला आहे. हू, पाव्लू आणि झांग या तीन संशोधकांनी २००९ साली तिची दोन मुख्य कारणं मांडली. पहिलं कारण खरेदीच्या आधीचं. वस्तू विकत घेतो तो मुळातच ती आवडेल असं वाटणारा माणूस असतो. ज्याला ती आवडणार नव्हती त्याने ती घेतलीच नाही, म्हणून त्याचं मत मोजलंही जात नाही. दुसरं कारण खरेदीनंतरचं. मत लिहिणं हे फुकटचं काम आहे. ते करायला काहीतरी धक्का लागतो. आनंदाचा धक्का लागला की माणूस लिहितो, रागाचा लागला की लिहितो. धक्काच लागला नाही तर कशाला लिहील? याच संशोधकांनी एक प्रयोगही केला. एका संगीताच्या सीडीला समोरच्या सगळ्यांनाच रेटिंग द्यायला लावलं. ज्यांना लिहायची खाज आहे फक्त त्यांना नाही, सगळ्यांना. तेव्हा आकृती उलटली. बहुतेक मतं मध्ये आली आणि टोकं बारीक झाली. सीडी तीच होती, फक्त गप्प बसणाऱ्यांना बोलतं केलं होतं.

हे कसं घडतं ते एका कल्पित हिशोबात पाहू. समजा एक किटली हजार जणांनी घेतली. त्यातल्या १०० जणांना ती फार आवडली, २५० जणांना आवडली, ४०० जणांना ठीक वाटली, १५० जणांना आवडली नाही आणि १०० जणांना अगदीच वाईट निघाली. या हजारही जणांनी प्रामाणिकपणे स्टार दिले तर सरासरी येते ३.१. म्हणजे मध्यम वस्तू. आता प्रत्यक्षात लिहितं कोण? फार आवडलेल्यांपैकी २० जण, आवडलेल्यांपैकी १०, न आवडलेल्यांपैकी ७ आणि वाईट निघालेल्यांपैकी १७. आणि ज्या ४०० जणांना ती ठीक वाटली त्यांच्यापैकी? फक्त ६. एकूण ६० रिव्ह्यू. त्यांची सरासरी काढा, ३.१५ येते.

इथे गंमत बघा. सरासरी जवळपास बरोबर आली, पण चित्र साफ खोटं आहे. खऱ्या हजार जणांमध्ये सगळ्यांत मोठा गट ‘ठीक आहे’वाल्यांचा होता, शंभरातले चाळीस. रिव्ह्यूंमध्ये तो शंभरातले दहा उरला. हे वाचणाऱ्याला वाटतं की ही किटली म्हणजे लॉटरी आहे, लागली तर सोनं नाहीतर माती. प्रत्यक्षात ती लॉटरी नाहीच. ती एक साधी, बरी किटली आहे. म्हणून ‘सरासरी बघितली की झालं’ म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही.

यावर आणखी एक थर चढतो. खोक्यात एक चकचकीत चिठ्ठी निघते. पाच स्टार द्या, स्क्रीनशॉट व्हॉट्सॲप करा, पन्नास रुपये मिळवा. समजा ‘ठीक’ आणि ‘आवडली’ या गटांतल्या ४० जणांनी ते पन्नास रुपये घेतले. आता रिव्ह्यू झाले बरोबर १००, सरासरी झाली ३.८९ आणि तीन स्टारची पट्टी उरली शंभरात सहा. किटलीत एक स्क्रूसुद्धा बदललेला नाही, पण ३.१ची वस्तू ३.९ची झाली. ते चाळीस जण बनावट नाहीत, बरं का. त्यांनी खरंच वस्तू घेतली आहे, खरंच वापरली आहे. फक्त त्यांचे तीन आणि चार स्टार पन्नास रुपयांना विकले गेले.

भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी एक मानक आणलं, आयएस १९०००:२०२२. रिव्ह्यू कसे गोळा करावेत, कसे तपासावेत, कसे प्रसिद्ध करावेत, हे ते सांगतं. आलं तेव्हा ते ऐच्छिक होतं. असे नियम हवेतच. पण कुठलाही नियम फार तर खोट्याला आडवा येईल. गप्प बसलेल्या ३९४ जणांना तो बोलतं करू शकत नाही.

माणसाला दिलेला स्टार आणि वस्तूला दिलेला स्टार

लिहिणाऱ्यांनी तरी तीन स्टार वापरायला काय हरकत होती? इथे दुसरा घोळ सुरू होतो. आपल्या हातातल्या मोजपट्टीवर खुणा पाच आहेत, पण आपण वापरतो दोनच.

यूट्यूबवर पूर्वी व्हिडिओला पाच स्टार देता यायचे. २००९मध्ये यूट्यूबनेच जाहीर केलं की बहुसंख्य लोक पाचच देतात, आणि पाच न देणारे बहुतेक करून एक देतात. मधले आकडे नावापुरतेच होते. २०१०मध्ये त्यांनी स्टार काढून अंगठा वर, अंगठा खाली आणला. व्हिडिओपुरतं ते ठीक होतं. व्हिडिओ फुकट आहे, नाही आवडला तर पुढे सरकायचं. किटलीच्या बाबतीत पुढे सरकता येत नाही. तिथे ‘बरी’, ‘चांगली’ आणि ‘उत्तम’ यांतला फरक हा पैशांचा फरक असतो.

ही सवय आपल्याला लागली कुठून? माझ्या मते मोठा वाटा टॅक्सी आणि डिलिव्हरीच्या ॲप्सचा आहे. तिथे आपण माणसाला स्टार देतो. त्याचं काम, त्याच्या वाट्याला येणाऱ्या ऑर्डरी त्या आकड्याला टांगलेल्या असतात हे आपल्याला माहीत असतं. म्हणून गाडी वेळेवर आली, माणूस धड बोलला, की पाच. यात चूक काहीच नाही. मीही पाचच देतो. तो मोजमापाचा स्टार नसतोच, तो त्याच्या रोजीचा भाग असतो.

पण या दयेचा परिणाम काय होतो तेही बघायला हवं. फिलिपास, हॉर्टन आणि गोल्डन या संशोधकांनी ऑनलाइन कामं मिळवून देणाऱ्या एका बाजारपेठेतली अनेक वर्षांची रेटिंग तपासली. ती वर्षागणिक चढत गेली होती. काम तितकं सुधारलं होतं का? तिथे काम देणाऱ्यांना एक खाजगी प्रश्नही विचारला जायचा. त्याचं उत्तर कामगाराला दिसायचं नाही. त्या खाजगी उत्तरांत तशी चढण नव्हती. लोक उघडपणे भरभरून स्टार देत होते आणि आडून खरं सांगत होते. पुढे त्या खाजगी उत्तरांचा एकत्रित आकडा सर्वांना दिसू लागला, तशी तीही फुगायला लागली. आपल्या शब्दाने समोरच्याचं नुकसान होईल हे कळलं की माणूस आकडा वाढवतो. माणूस म्हणून ते समजण्यासारखं आहे.

माझी तक्रार इतकीच आहे की ही दया आपण माणसावरून उचलून किटलीवर नेली. किटलीला पोट नसतं. तिला तीन स्टार दिले म्हणून तिच्या मुलांची फी थकत नाही. ड्रायव्हरला पाच देताना आपण एका माणसाची बाजू घेतो. किटलीला उगाच पाच देताना मात्र आपण पुढे ती घेणाऱ्या माणसाच्या विरोधात उभे राहतो.

एक स्टार म्हणजे अर्ज नव्हे

आता दुसरं टोक. एक स्टारचे रिव्ह्यू ओळीने वाचले की लक्षात येतं की त्यातले बरेचसे वस्तूबद्दल नसतातच. ‘पार्सल चार दिवस उशिरा आलं.’ ‘खोकं चेपलेलं होतं.’ ‘निळी मागवली, काळी आली.’ ‘कस्टमर केअर फोन उचलत नाही.’ राग खरा आहे. पण तो डिलिव्हरीचा, विक्रेत्याचा किंवा कंपनीच्या सेवेचा राग आहे. किटली पाणी कशी तापवते याच्याशी त्याचा संबंध नाही.

लोक असं का करतात हे मला समजतं. तक्रारीचे सगळे दरवाजे बंद असतात. चॅटवर तीच तीन वाक्यं फिरून येतात. मग माणूस जिथे सगळ्यांना दिसेल तिथे जाऊन ओरडतो. एक स्टार हा गरिबाचा मोर्चा झालाय. पण मोर्चा चुकीच्या इमारतीवर चाललाय. उशिरा आलेल्या पार्सलसाठी विक्रेत्याचं वेगळं रेटिंग असतं, ते तिथे द्या. पैसे अडकले असतील, वॉरंटी नाकारली असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तिथे तक्रार नोंदवली जाते. एक स्टार कुठेच नोंदवला जात नाही, तो फक्त एका पट्टीत जाऊन बसतो आणि पुढच्या माणसाला चुकीची बातमी देतो.

एका किटलीचा न्याय

तत्त्वं पुष्कळ झाली. आता एका खऱ्या मध्यम वस्तूला स्टार द्यायचे म्हणजे काय करायचं ते बघू. भाड्याच्या खोलीवर माझ्याकडे एक किटली आहे. एका पदराच्या स्टीलची, दीड लिटरची, १५०० वॅटची, आठशे रुपयांच्या आतली. तिच्या पानावर नेहमीसारखीच टोकांची गर्दी होती. त्यातले एक स्टारचे आरोप एकेक करून तपासू.

पहिला आरोप, पाणी तापायला फार वेळ लागतो. हे मोजता येतं. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला साधारण ४.२ किलोज्यूल ऊर्जा लागते. २५ अंशांवरून १०० वर न्यायचं म्हणजे ७५ अंश, म्हणजे ३१५ किलोज्यूल. १५०० वॅटची किटली सेकंदाला दीड किलोज्यूल देते. भागाकार केला की २१० सेकंद, म्हणजे साडेतीन मिनिटं. थोडी उष्णता भांड्यात आणि वाफेत जाते, म्हणून चार ते साडेचार मिनिटं लागली तर किटली आपला शब्द पाळतेय. माझ्या किटलीला सकाळी ४ मिनिटं २५ सेकंद लागतात. रात्री तिलाच साडेपाच लागतात. किटली रात्री दमते का? नाही. रात्री आमच्याकडे व्होल्टेज पडतं. तापवणाऱ्या कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० ऐवजी २०० व्होल्ट आले की ताकद १३ टक्क्यांनी नाही, जवळपास पाव भागाने कमी होते. म्हणजे ‘फार स्लो आहे, एक स्टार’ लिहिणाऱ्याने किटलीला नाही, आपल्या इमारतीच्या वायरिंगला एक स्टार दिला असण्याची दाट शक्यता आहे.

दुसरा आरोप, प्लग मोठा आहे, साध्या सॉकेटमध्ये बसत नाही. १५०० भागिले २३० करा. साडेसहा अँपिअर होतात. घरातलं लहान सॉकेट सहा अँपिअरचं असतं. म्हणजे मोठ्या पिनांचा प्लग हा किटलीचा दोष नाही, शहाणपणा आहे. गैरसोय मात्र खरी आहे, त्यामुळे रिव्ह्यूत सांगायलाच हवं की खोलीत मोठं सॉकेट नसेल तर ही घेऊ नका. पण त्यासाठी स्टार कापायचा नसतो.

तिसरा आरोप, महिन्याभरात आतून गंजली. बहुतेक फोटोंत तळाला पांढरट, राखाडी ठिपके दिसतात. बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी उकळलं की त्यातले क्षार तळाला बसतात. फरक ओळखणं सोपं आहे. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घातलेलं पाणी अर्धा तास ठेवा. क्षार असतील तर ठिपके विरघळतात. तांबूस डाग राहिले आणि तिथे बोटाला खरखर लागली, तर तो गंज. तेव्हा खुशाल दोन किंवा एक स्टार द्या, फोटोसकट.

चौथा आरोप, दूध करपलं, मॅगी चिकटली. सोबतच्या कागदावर ‘फक्त पाणी’ असं लिहिलेलं होतं. विषय संपला.

आता पाच स्टारवाल्यांनी न सांगितलेल्या गोष्टी. या किटलीचं झाकण पुरतं उघडत नाही, त्यामुळे हात आत जात नाही आणि घासताना त्रास होतो. ओतताना चोचीवरून थेंब ओघळतो. पाण्याच्या पातळीच्या खुणा आतल्या बाजूला आहेत आणि नीट दिसत नाहीत. बाहेरचं स्टील चटका बसेल इतकं तापतं. यातली शेवटची गोष्ट या किमतीच्या एकपदरी किटल्यांमध्ये सगळीकडेच असते, म्हणून ती सांगायची, पण त्यासाठी स्टार कापायचा नाही. दुप्पट किमतीच्या दुपदरी किटलीशी तुलना करून आठशेच्या किटलीला नापास करणं म्हणजे एसटीत बसून विमानाची खुर्ची मागणं.

आणि जमेची बाजू? पाणी उकळलं की ती दरवेळी आपोआप बंद होते. दोन-तीनदा पाणी उकळून टाकल्यावर नव्या भांड्याचा वास गेला. दोन महिन्यांत कुरकुर नाही.

निकाल काय? मी ती तीन कामांसाठी घेतली होती, चहा-कॉफीचं पाणी, सकाळचे ओट्स आणि आजारपणात प्यायला गरम पाणी. तिन्ही होतात. धुणं आणि ओतणं या दोन गोष्टी रोज थोड्या टोचतात. याच किमतीत याहून सोयीची मिळू शकते आणि याहून वाईटही मिळू शकते. तीन स्टार. आणि रिव्ह्यू असा:

‘दोन महिने, रोज दोनदा वापरली. एक लिटर पाणी सकाळी साडेचार मिनिटांत उकळतं, व्होल्टेज कमी असेल तर साडेपाच. आपोआप बंद होणं एकदाही चुकलं नाही. झाकण पूर्ण उघडत नाही, घासायला त्रास. ओतताना थेंब गळतो. बाहेरून तापते. मोठं सॉकेट लागतं. एकट्यापुरतं पाणी तापवायला बरी. घरात लहान मूल असेल तर दुपदरी बघा.’

या रिव्ह्यूत ‘वर्थ इट’ नाही, ‘फालतू’ नाही, बदामाचं चिन्ह नाही. पण हे वाचून एकट्या मुलाला कळतं की ही घ्यावी, आणि लहान बाळाच्या आईला कळतं की घेऊ नये. एकाच तीन स्टारमधून दोघांना दोन वेगळी आणि बरोबर उत्तरं मिळतात. पाच किंवा एक स्टारला हे जमत नाही.

यातून जी पद्धत निघते ती छोटी आहे. पार्सल फोडल्या दिवशी स्टार देऊ नका, त्या दिवशी तुम्ही फक्त खोक्याला स्टार देत असता. वीसेक वेळा वापरा. सुरुवात पाचपासून करून कापत जाऊ नका आणि रागाच्या भरात एकपासूनही करू नका. तीनपासून करा. शब्द पाळला, तीन. वर जायचं असेल तर एका वाक्यात कारण सांगता आलं पाहिजे, खाली यायचं असेल तरी तसंच. तुलना त्याच किमतीच्या वस्तूंशी करा. एकच गोष्ट या सगळ्या हिशोबाबाहेर आहे, सुरक्षितता. किटली उकळूनही बंद होत नसेल, हात लावला की झिणझिण्या येत असतील, वायर वितळत असेल, तर बाकी ती कितीही देखणी असो, सरळ एक स्टार. तिथे सरासरी काढायची नसते.

“पण बिचाऱ्या विक्रेत्याचं काय?”

हा आक्षेप मी गांभीर्याने घेतो. जिथे चार स्टारखालच्या वस्तू लोक बघतही नाहीत, तिथे माझे तीन स्टार म्हणजे शिक्षाच आहे. आकड्याला किंमत असते हे खरंच आहे. मायकल लुका यांनी सिॲटलमधल्या हॉटेलांचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की ‘येल्प’वर एक स्टार वाढला तर उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं. मग छोट्या विक्रेत्याला तीन देऊन त्याच्या पोटावर पाय का द्यायचा?

उत्तर असं की पाचांच्या महापुराने छोट्या विक्रेत्याचाच सगळ्यांत मोठा तोटा होतो. ज्याने झाकण पुरतं उघडेल अशी किटली बनवली, चोच नीट वळवली, त्याने ते दाखवायचं कुठे? त्याच्या हक्काच्या साडेचार स्टारच्या शेजारी चिठ्ठ्या वाटून साडेचार मिळवलेली किटली उभी आहे. सगळ्यांनाच डिस्टिंक्शन दिलं की अभ्यास केलेल्या मुलाचे मार्क कुणी बघत नाही. आणि पन्नास-पन्नास रुपये वाटण्याची ऐपत छोट्याकडे कमी असते, मोठ्याकडे जास्त. उगाच दिलेले पाच स्टार ही दया नाही, ती ऐपतवाल्याला दिलेली सूट आहे. कारणांसकट दिलेले तीन स्टार मात्र ऐकणाऱ्या विक्रेत्याच्या कामाला येतात. ‘झाकण पूर्ण उघडत नाही’ हे वाक्य वीस जणांनी लिहिलं तर पुढच्या खेपेला ते दुरुस्त होऊ शकतं. ‘ऑसम प्रॉडक्ट’ वाचून काय दुरुस्त करणार?

दुसरा आक्षेप, माझ्या एकट्याच्या तीन स्टारने काय होणार? परत त्या हिशोबाकडे या. ४०० ‘ठीक आहे’वाल्यांपैकी ६ जण बोलले होते. सगळे बोलायची गरज नाही. आणखी फक्त ६० बोलू देत, म्हणजे शंभरातले पंधरा. चिठ्ठीवाले ४० तसेच ठेवले तरी रिव्ह्यू होतात १६०, त्यात तीन स्टार ६६. सरासरी ३.८९ वरून ३.५६ वर येते आणि सहा टक्क्यांची काडी ४१ टक्क्यांची, सगळ्यांत लांब पट्टी होते. मध्ये इतकी कमी माणसं बोलतात की तिथला प्रत्येक आवाज मोठा ठरतो. पाच स्टारच्या गर्दीत तुमचा स्टार हरवून जातो, तीनमध्ये नाही.

शेवटची गोष्ट. शोनम्युलर, नेत्झर आणि स्टाल यांनी २०२०मध्ये २५ संकेतस्थळांवरच्या २८ कोटींहून जास्त रिव्ह्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एक साधी, उपयोगी गोष्ट दिसते. जे लोक क्वचित लिहितात त्यांचे स्टार टोकाचे असतात, जे वरचेवर लिहितात त्यांचे कमी टोकाचे. ते काही स्वभावाने जास्त समतोल असतात असं समजायचं कारण नाही. क्वचित लिहिणारा आपल्या वस्तूंपैकी सर्वांत लाडकी नाहीतर सर्वांत नकोशी निवडतो. वरचेवर लिहिणाऱ्याला बाकीच्या वस्तूंबद्दलही लिहावं लागतं, आणि बाकीच्या वस्तू बऱ्याच असतात.

तेव्हा रागावून एक ठोकायला किंवा हुरळून पाच उधळायला ॲप उघडाल तेव्हा एक करा. तुमच्या मागच्या पाच ऑर्डरी बघा. ज्या वस्तूबद्दल सांगण्यासारखं काहीच नाही असं वाटतं, ती निवडा. पायपुसणं असेल, मोबाइलचं कव्हर असेल, पाण्याची बाटली असेल. किती दिवस वापरली, काय टोचलं, कुणाला चालेल, एवढं तीन ओळींत लिहा आणि तीन स्टार द्या. ‘बरी आहे’ हे आपण आयुष्यात सगळ्यांत जास्त वेळा बोलतो. ते पैसे मोजणाऱ्या माणसाच्या कानावरही पडू दे.